आधी होमचं बटण, मग मेणबत्ती

आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते ती सांगून जात नाही. डीपीवर लोड आला, फ्यूज उडाला, की झालं. भाच्याच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टरची लाइन नव्हती, आणि तो खेळत होता स्टारड्यू व्हॅली. या खेळात शेती करायची, गुरं पाळायची, गावात ओळखी वाढवायच्या. दिवसभर केलेलं काम सेव्ह होतं ते पात्र रात्री झोपायला गेलं की. लाइट गेली ती नेमकी त्या सेव्हच्या वेळी. परत आल्यावर खेळ सुरू केला, तर यादीत त्याची शेती उघडेचना. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

मधेच लाइट गेली असती तर एवढं बिघडलं नसतं. त्या खेळातला एक अख्खा दिवस म्हणजे घड्याळातली जेमतेम 14 मिनिटं, तेवढंच काम पुन्हा करावं लागलं असतं. इथे फाइल अर्धी लिहून झालेली असताना वीज तुटली होती. सुदैवाने हा खेळ आदल्या दिवसाची प्रत जपून ठेवतो. विंडोजवर `%appdata%\StardewValley\Saves` उघडलं की प्रत्येक शेतीचं एक फोल्डर दिसतं. आत `SaveGameInfo` ही फाइल आणि फोल्डरच्याच नावाची दुसरी फाइल असते, आणि दोन्हींच्या जुन्या प्रती शेवटी `_old` लावून असतात. आम्ही आधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी केलं, मग बिघडलेल्या दोन फाइली काढल्या आणि जुन्या दोन्हींच्या नावातलं `_old` पुसलं. एकीचंच नाव बदलून भागत नाही, जोडी जुळावी लागते. शेती आली, एक दिवस मागे. भाच्याने तो दिवस पुन्हा काढला, कुरकुरत.

तेव्हापासून लाइट नसताना आमच्या घरी खेळ फोनवरच. पण ‘आपोआप सेव्ह’ असं म्हणतात, त्यातली मेख कोणी सांगत नाही. फोनवरचे बरेच खेळ सेव्ह करतात ते तुम्ही खेळातून बाहेर पडता त्या क्षणी: होमचं बटण दाबलं, फोन आला, स्क्रीन बंद केली की. बॅटरी 1 टक्क्यावर येऊन फोन रीतसर बंद होतो तेव्हा बहुधा निभावून जातं. जुन्या फोनचं तसं नसतं. थकलेली बॅटरी 15 टक्के दाखवते आणि जोर पडला की फोन एकदम काळा होतो. तिथे खेळाला सेव्ह करायला वेळच मिळत नाही. म्हणून आमचा शिरस्ता असा, की महत्त्वाचं काही साधलं की होम दाबायचं आणि परत आत यायचं.

नवा खेळ आला की मी त्याची परीक्षा घेतो. चार चाली खेळायच्या आणि खेळ समोर असतानाच पॉवरचं बटण दाबून धरायचं, फोन जबरदस्तीने रीस्टार्ट होईपर्यंत. काही फोनांत सोबत आवाजाचं बटणही धरावं लागतं. उघडल्यावर चाली शिल्लक असतील तर तो खेळ प्रत्येक चालीला लिहितो. नसतील तर होमची सवय लावून घ्यायची. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून वर ढकलून बंद करणं ही परीक्षा नव्हे, कारण यादी उघडतानाच खेळाला बाहेर पडल्याची वर्दी मिळते आणि तो सेव्ह करून मोकळा होतो.

बॅटरीचं म्हणाल तर खेळ हलतो किती ते बघा. सायमन टॅथम यांचा ‘पझल्स’ हा संग्रह फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही, आणि आत चाळीसेक कोडी आहेत. तुम्ही विचार करत असता तेव्हा पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही, त्यामुळे प्रोसेसरही निवांत असतो. त्यातल्या सुरुंगांच्या कोड्यात अंदाजाने बटण दाबायची वेळ येत नाही, डोकं चालवून सुटेल अशीच मांडणी तो खेळ करतो. शॅटर्ड पिक्सेल डंजन हा तळघरातल्या राक्षसांचा खेळही नेटशिवाय चालतो आणि चालीचालीने खेळायचा आहे, पण त्यातलं पाणी न् मशाली सतत हलत राहतात, म्हणून तो जास्त बॅटरी खातो. मला तो आवडतो, तरी रात्रभर लाइट येण्याची चिन्हं नसतील तर मी कोडीच उघडतो.

खेळ कोणताही असो, विमान मोड लावा. लाइट गेली की कधीकधी जवळचा टॉवरही आचके देतो आणि फोन रेंज शोधत बसतो. कोणाचा महत्त्वाचा फोन येणार असेल तर मात्र हे जमणार नाही. उजेड कमी करायचाच. काळी थीम मात्र अमोलेड स्क्रीनवरच कामाची, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, तिथे काळ्या रंगाने डोळ्यांना बरं वाटतं, एवढंच.