चपलेसह मोजलेली उंची फसवते

वजनाला (किलो) उंचीने (मीटर) दोनदा भागले की बीएमआय मिळतो. समजा, एका ताईंचे वजन 58 किलो. चपलेसह उंची 161 सेंटिमीटर, बीएमआय 22.4. अनवाणी उंची 158, बीएमआय 23.2. भारतीयांमध्ये 23 पासून वजन जास्त धरतात; ते चपलेने लपवले.

म्हणून चप्पल काढा, अंबाडा सोडा. टाचा, नितंब, खांदे सपाट भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा. दुसऱ्याने जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून डोक्यावर टेकवावे, खालच्या कडेशी खूण करावी आणि जमिनीपासून टेपने मोजावे.

डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये उभ्याने ये-जा करून संध्याकाळी मणक्यांमधल्या गाद्या दबलेल्या असतात. तेव्हा उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. पोक काढल्यास आणखी कमी. दर वेळी सकाळीच मोजा.