कृपा लिहिताना कानावर विसंबू नकोस

अगं, तुझा प्रश्न मला फार आवडला. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या त्या लग्नपत्रिकांच्या दुकानात तू टायपिंगला लागलीस आणि लगेच तुझ्या लक्षात आलं, की ‘कृपा’ आणि ‘क्रुपा’ कानाला अगदी एकसारखे लागतात. मग ओळखायचं कसं? शाळेत आपल्याला ‘पाठ करा’ एवढंच सांगितलं. मी इतकी वर्षं मुद्रितं तपासतेय, तेव्हा पाठांतराहून बरी अशी एक युक्ती माझ्याकडे आहे. आज ती निवांतपणे सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर: इथे कान काहीच मदत करणार नाही. ऋ हा मुळात स्वर. अ, इ, उ यांच्या रांगेतला. त्याचा मूळचा उच्चार आपल्या बोलण्यातून केव्हाच गेला. मराठीत आपण तो ‘रु’सारखा म्हणतो, हिंदीत ‘रि’सारखा म्हणतात. हे तुला तुझ्या गल्ल्यावर रोज ऐकू येत असेल. तुमच्या उल्हासनगरला हे नाव १९४९ साली मिळालं, त्याआधी तो फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प होता. त्यामुळे तुझ्याकडे मराठी गिऱ्हाईक जितकं येतं, तितकंच सिंधी-हिंदी बोलणारंही. ते ‘क्रिपा’ म्हणतील आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’ घालतील. आपली माणसं ‘क्रुपा’ म्हणतील आणि ‘यू’ घालतील. देवनागरीत मात्र दोघांचं ‘कृपा’ एकच. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून लिहायला गेलीस तर एकाच शब्दाची दोन-दोन रूपं व्हायची.

घरगुती मराठीत तर या ऋ मधला र उरलासुद्धा नाही. पृष्ठची पाठ झाली, मृत्तिकेची माती, शृंगाचं शिंग, वृश्चिकाचा विंचू. म्हणजे ‘कृपा’, ‘पृथ्वी’, ‘दृष्टी’ हे शब्द आपण संस्कृतातून जसेच्या तसे घेतले, म्हणून त्यांच्यात ऋ टिकला. अशा शब्दांना तत्सम म्हणतात हे तुला आठवत असेल.

आता युक्ती. शब्द अडला की त्याचे नातेवाईक आठवायचे. त्याच धातूपासून झालेला दुसरा एखादा शब्द शोधायचा आणि त्यात र कुठे बसलाय ते बघायचं. ‘दृष्टी’चं नातं ‘दर्शन’शी. दर्शनमध्ये र हा द पासून सुटून पुढच्या श वर रफार होऊन बसलाय. र असा सुटा झाला, ‘अर’ किंवा ‘आर’ झाला, की मूळ शब्दात ऋ आहे असं समज. म्हणून दृष्टी, दृश्य, दृष्टान्त. ‘पृथ्वी’चा नातेवाईक ‘पार्थिव’. बघ, इथेही र सुटला. ‘कृपा’ जरा अवघड वाटेल, पण कृपेच्याच धातूचा ‘कृपण’ आहे आणि कृपणचं भाववाचक नाम ‘कार्पण्य’. आकृती आणि आकार, संस्कृती आणि संस्कार, मृत्यू आणि मरण, वृद्धी आणि वर्धन, नृत्य आणि नर्तन, तृप्ती आणि तर्पण, गृह आणि गार्हस्थ्य. एकदा सवय लागली की हे आपोआप डोळ्यांपुढे येतं.

आता उलटी बाजू. ‘क्रुद्ध’चा नातेवाईक कोण? ‘क्रोध’. इथे र क ला चिकटूनच राहिला आणि त्याच्यापुढे ओ आला. र जोडाक्षरातून सुटत नाही आणि पुढे ओ, औ किंवा ‘अव’ येतो, तेव्हा तो साधा र आणि उकार असतो. क्रूरचं क्रौर्य, त्रुटीचं त्रोटक, द्रुतचा द्रव. सुरुवातीच्या रु लाही हेच लागू: रुग्ण आणि रोग, रुची आणि रोचक. माझी सगळ्यांत आवडती जोडी ‘स्मृती’ आणि ‘श्रुती’ ही. कानाला दोन्ही सारख्या, परीक्षेत दोन्ही चुकणाऱ्या. स्मृतीचं स्मरण: म आणि र यांच्यामध्ये अ शिरला, म्हणून ऋ. श्रुतीचं श्रवण: श आणि र एकमेकांना सोडत नाहीत, पुढे अव येतो, म्हणून रु. या एका जोडीवर तुला सगळी युक्ती परत उभी करता येईल.

तिच्या मर्यादाही सांगून ठेवते. कृष्ण, वृक्ष, तृतीया यांचे असे रोजच्या मराठीतले नातेवाईक सापडत नाहीत; अश्रू आणि शत्रूचंही तसंच. हे मूठभर शब्द लक्षातच ठेवायला हवेत. आणि परभाषेतून आलेल्या शब्दांना ऋकार लावायचाच नाही. अब्रू फारसीतून आली, फेब्रुवारी इंग्रजीतून, ग्रुपही तिथूनच. तिथे नेहमी रु किंवा रू.

आता तुझ्याकडे येते तशी एक पत्रिका घेऊ. सुरुवातच ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. इथे ‘क्रुपेकरून’ पडलं तर पहिल्याच ओळीला गालबोट. पुढे वराचं नाव हृषीकेश, वधूचं अमृता. अमृतचे नातेवाईक अमर आणि मरण, म्हणजे ऋ. तिथी वैशाख कृष्ण तृतीया. हे दोन्ही लक्षात ठेवायच्या शब्दांतले. मग येतं ‘हार्दिक आमंत्रण’, आणि त्यात तुला हृदयचं उत्तर फुकट मिळतं. हार्दिकमध्ये र सुटलाय, म्हणून ‘हृदय’. लोक सर्रास ‘ह्रदय’ टाईप करतात. लहान अक्षरांत ते सारखं दिसतं, पण पडद्यावर मोठं करून बघ. ‘हृ’मध्ये ह च्या पोटाशी ऋकाराचा आकडा असतो आणि ‘ह्र’मध्ये तिरकी र ची रेघ. शिवाय संस्कृतात ह्रद म्हणजे डोह, त्यामुळे ही नुसती दिसण्याची चूक राहत नाही.

याच पत्रिकेत आदल्या दिवशीचा ‘ग्रहमख’ असतो आणि लग्नानंतरचा ‘गृहप्रवेश’. हे नीट बघ. ग्रहमख नवग्रहांसाठी, म्हणून तिथे ग्रह बरोबर. गृहप्रवेश घरातला, म्हणून तिथे गृह. ‘ग्रहप्रवेश’ छापलंस तर नवरीऐवजी शनी-मंगळ घरात आले. म्हणून फाईलमध्ये सरसकट ‘ग्रह’च्या जागी ‘गृह’ बदलून टाकू नकोस. एकेक जागा वाचून ठरव.

शेवटच्या ओळीत ‘आम्हांस अनुगृहीत करावे’. इथे माझी युक्ती थोडी अडखळते, कारण नातेवाईक ‘अनुग्रह’ आहे आणि त्यात र ग ला चिकटलेला. पण बघ, पुढे ओही नाही आणि अवही नाही, नुसता अ आहे. ग्रह् या धातूला त-प्रत्यय लागला की ग्र चा गृ होतो आणि ह ची वेलांटी दीर्घ होते. ग्रहणपासून गृहीत, अनुग्रहपासून अनुगृहीत, संग्रहपासून संगृहीत. ‘संग्रहित’ इतकं रुळलंय की कुणी अडवत नाही, पण ‘अनुग्रहित’ आणि ‘ग्रहीत धरणे’ मी कधी सोडत नाही.

चूक होते कुठे ते कळलं की अर्धं काम झालं. तू मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून टाईप करतेस, तेव्हा `krupa` लिहिल्यावर यंत्र तुला दोन-तीन पर्याय देतं आणि घाईत पहिला पर्याय स्वीकारला जातो. दुकानातल्या संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घे. तिथे ऋकाराला स्वतंत्र कळ आहे, `=` ही. ‘कृ’साठी `k` आणि `=`, एवढ्या दोनच कळा. ‘क्रु’साठी मात्र `k`, `d`, `j`, `g` अशा चार, म्हणजे क, हलन्त, र आणि उकार. बोटांनाच फरक कळतो, त्यामुळे चूक नकळत होत नाही. नुसता ऋ हवा असेल तर शिफ्ट धरून तीच कळ.

‘शृंगार’ आणि ‘शृंखला’ यांच्याकडे जरा जास्त लक्ष दे. बहुतेक जण ‘श्रृंगार’ लिहितात, म्हणजे श्र करून वर पुन्हा ऋकारही. एकाच अक्षरात र दोनदा कशाला? शला थेट ऋकार लावायचा. त्याच्या उलट ‘नैर्ऋत्य’. तिथे र खरोखरच वेगळा आहे आणि ऋ च्या डोक्यावर रफार येतो. वास्तुशांतीच्या पत्रिकेत कधी दिशा छापायची वेळ आली तर आठव.

आणखी एक, कारण ‘दृष्टी’बरोबर हे नेहमी येतं. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून एकटी ‘दृष्टी’ दीर्घ, पण ‘दृष्टिकोन’ ह्रस्व. शत्रू दीर्घ, शत्रुत्व ह्रस्व. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे लेखनाचे नियम आहेत, त्यांत हे येतं. दुकानात अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ ठेव. नावाप्रमाणेच लहान आहे, काउंटरखाली मावतं.

विशेषनामांना मात्र यातलं काहीही लावू नकोस. हृषीकेश हे कृष्णाचं नाव, हृषीक आणि ईश मिळून झालेलं, आणि ऋषिकेश हे गंगेकाठचं गाव. पण तुझ्या गिऱ्हाइकाच्या मुलाच्या दाखल्यावर ‘ऋषिकेश’ असेल तर पत्रिकेत तेच जायला हवं. ऋतुजा की रुतुजा, हेही त्या घरच्यांनाच विचार. फोन लाव, लिहून मागव, मग छाप.

पत्रिका छपाईला सोडण्याआधी फाईलमध्ये ‘म्रु’, ‘व्रु’, ‘न्रु’ आणि ‘श्रृ’ ही चार अक्षरं शोधायची सवय लाव. मराठीत चालणाऱ्या संस्कृत शब्दांत ती येतच नाहीत, सापडली की चूक नक्की. ‘क्रु’, ‘द्रु’, ‘त्रु’ सापडले तर थांब आणि नातेवाईक आठव. नाहीच आठवले तर मला फोन कर. रात्री दहापर्यंत मी जागीच असते.