पुढच्या टीमसाठी नोंद लिहिताना

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यातले भाऊ, तोंडाचा कॅन्सर. घरी जाऊन त्यांना पाहणारी टीम सुटीवर गेली आणि दोन दिवस त्यांची जबाबदारी आमच्याकडे आली. फाइलमध्ये एवढंच होतं: 'मॉर्फिन चालू, दुखणं आटोक्यात, नातेवाइकांना कल्पना दिली.'

शनिवारी भाऊ गुंगीत दिसले. मॉर्फिन जास्त झालं असावं, असं समजून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ते बंद केलं. मध्यरात्री दुखणं उसळलं. पोरांनी घाबरून गाडी केली आणि त्यांना अकोल्याला हलवलं. 'मले घरीच राहू द्या,' असं भाऊ आधीपासून सांगत होते. डोस आदल्याच दिवशी वाढवला होता, हेही वहिनींकडून नंतर कळलं. डोस वाढल्यावर पहिले दोन-तीन दिवस गुंगी येतेच, त्यात भाऊंची कित्येक रात्रींची झोप राहिलेली. कागदावर यातलं काहीच नव्हतं.

अशा रुग्णाची नोंद कशी असावी, ते भाऊंवरूनच सांगते.

'दुखणं आटोक्यात' म्हणजे काय, ते रुग्णाच्या भाषेत लिहा: 'रात्रभर झोप लागावी, दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये, चमच्याने पेज घेता यावी.' मग डोस: '१० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता, रात्री १० वाजता दोन. दिवसाचे ६० मिलिग्रॅम. डोस काल वाढवला. मध्येच दुखलं तर जादा एक गोळी.' जादा डोस दिवसभराच्या मात्रेचा साधारण सहावा भाग असतो. दिवसात तीन जादा गोळ्या लागल्या, तर एकूण ९० झाले. म्हणजे दर चार तासांचा डोस १५ करायचा का, हे डॉक्टरांना विचारायचं. मॉर्फिनने शौचाला कडक होते, म्हणून रोज रात्रीची बिसाकोडिलची गोळीही लिहा.

गुंगीचं काय करायचं, हे वेगळं लिहावं: 'हाक मारल्यावर डोळे उघडतात, श्वास मिनिटाला बारापेक्षा जास्त आहे, तर मॉर्फिन चालू ठेवा. हलवूनही जागे होत नाहीत किंवा श्वास आठच्या खाली आला, तर पुढचा डोस रोखून लगेच फोन करा.' लघवी कमी झाली असेल तर मूत्रपिंडं थकल्यामुळे मॉर्फिन अंगात साठतं. तेव्हा तेच डोस रेटू नयेत.

घरच्यांचं म्हणणंही नेमकं हवं: 'आजार काय आहे, ते भाऊंना ठाऊक आहे. घरीच राहायचं आहे. सलाईनसाठी हलवू नये. निर्णय वहिनी आणि थोरला मुलगा घेतील. धाकटा पुण्याहून येईल, दवाखान्यात न्या म्हणेल. त्याच्याशी थोरल्याच्या समोरच बोला. जखमेतून रक्त आलं तर गडद रंगाचा टॉवेल लावा, जवळ बसून राहा आणि या नंबरवर फोन करा.'

नोंदीवर तारीख आणि वेळ टाका. एक प्रत गोळ्यांच्या डब्यासोबत घरी ठेवा आणि ती थोरल्याकडून मोठ्याने वाचून घ्या. डोस बदलला की जुनी नोंद रेघ मारून रद्द करा. घरात दोन नोंदी असल्या की रात्री हाताला जुनीच लागते.