सातव्या पायरीवर उत्तर ऋण का झालं?

प्रश्न : सर, Iₙ = ∫₀¹ xⁿe⁻ˣ dx यासाठी बाय पार्ट्सने Iₙ = nIₙ₋₁ − 1/e हे सूत्र आलं. 1/e = 0.3679 धरून I₀ पासून मोजत गेले, तर I₇ = −0.2300! चुकलं कुठे? – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : सूत्र बरोबर आहे, बेरीज-वजाबाकीही. पण 0 ते 1 मध्ये xⁿe⁻ˣ ऋण होतच नाही, म्हणून शंका आली ती रास्त. दोष चार दशांश स्थळांचा. 1/e मध्ये तुम्ही सुमारे 0.00002 जास्त धरले. ही चूक प्रत्येक पायरीला n ने गुणली जाते, वर नवी मिसळते. सातव्या पायरीपर्यंत ती 13700 पट होते, म्हणजे 0.28. खरं उत्तर मात्र जेमतेम 0.0517.

आता उलटे चाला : Iₙ₋₁ = (Iₙ + 1/e)/n. इथे चूक n ने भागली जाते. I₁₀ चक्क शून्य धरा. मग I₉ = 0.0368, I₈ = 0.0450, I₇ = 0.0516. सुरुवात सपशेल खोटी, तरी चौथ्या दशांशात फक्त एकाचा फरक! जळगावच्या विद्यापीठाच्या परीक्षेत सूत्र सिद्ध करायला सांगितलं, तर तुमची मांडणी पुरेशी आहे. किंमत काढायची असेल, तर वरून खाली या.