तबकडीची नाडीपरीक्षा



नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथे आम्ही राहतो. तेथे आमच्या शेजारचा दहावीतला मुलगा गेल्या उन्हाळ्यात एक तक्रार घेऊन आला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालू असताना त्याचा संगणक मध्येच थिजे. दहा-अकरा सेकंद चित्र हलत नसे आणि मग काही झालेच नाही अशा थाटात खेळ पुढे सुरू होई. आदल्या दिवशी तर खेळाची एक फाईल खराब झाल्याचा संदेशही आला होता.

घरच्यांच्या मते हा उन्हाचा परिणाम होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ही शंका स्वाभाविकच होती. मुलाचे म्हणणे निराळे होते. चार दिवसांपूर्वी खेळ चालू असतानाच वीज गेली, आणि तेव्हापासून हे दुखणे सुरू झाले.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "खेळ थिजतो तो कोठे?"

"दर वेळी त्याच पुलाजवळ, सर."

या उत्तराने दिशा मिळाली. संगणक तापल्यामुळे थांबत असता, तर तो कोठेही थांबला असता. त्याच पुलाजवळ थांबतो, याचा अर्थ त्या पुलाचे चित्र ज्या जागी साठवले आहे ती जागा वाचताना काहीतरी अडत असले पाहिजे. त्याच्या संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती, म्हणून आधी आपण तिच्या आत डोकावू.

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तबकडीवर वर्तुळाकार मार्ग आणि प्रत्येक मार्गावर ओळीने लहान लहान कप्पे असतात. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरमध्ये मूळ माहितीबरोबर पडताळणीचे काही जादा अंकही लिहिलेले असतात. वाचताना थोडी चूक झाली, तर या अंकांच्या आधारे डिस्क ती स्वतःच दुरुस्त करते. चूक फार मोठी असेल तर मात्र तिला तो कप्पा पुन्हा वाचावा लागतो.

पुन्हा वाचायचे म्हणजे काय? तो कप्पा तर वाचकशीर्षाखालून पुढे निघून गेलेला असतो. तबकडीची एक पूर्ण फेरी होऊन तो परत येईपर्यंत थांबणे भाग असते. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी होती, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. एवढा उशीर आपल्या लक्षातही येणार नाही. पण खेळ अकरा सेकंद थांबत होता! तेवढ्या वेळात तबकडीचे ११ × १२० = १३२० फेरे होतात. डिस्क तो एक कप्पा वाचण्यासाठी पुनःपुन्हा धडपडत होती आणि पुलाच्या चित्राची वाट पाहत खेळ ताटकळला होता. कधी शेवटच्या प्रयत्नांत वाचन साधे आणि खेळ पुढे चाले. एकदा ते साधलेच नाही, आणि 'फाईल खराब' असा संदेश आला.

हा झाला आपला तर्क. तो तपासायचा कसा? सुदैवाने जवळजवळ प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदवही स्वतःच ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' असे नाव आहे. ही वही वाचण्यासाठी smartmontools नावाचा मोफत कार्यक्रमसंच मिळतो. तो बसवून, प्रशासकाचे अधिकार घेऊन आम्ही पुढील दोन आज्ञा दिल्या.

```
smartctl -H /dev/sda
smartctl -A /dev/sda
```

पहिल्या आज्ञेचे उत्तर आले PASSED, म्हणजे 'उत्तीर्ण'. मुलाचा चेहरा उजळला. पण दुसऱ्या आज्ञेने जो तक्ता दाखवला, त्यातल्या या तीन ओळी पाहा. (काही रकाने येथे गाळले आहेत.)

```
ID# ATTRIBUTE_NAME          VALUE THRESH RAW_VALUE
  5 Reallocated_Sector_Ct   100   010    0
197 Current_Pending_Sector  100   000    16
199 UDMA_CRC_Error_Count    200   000    0
```

शेवटच्या रकान्यात प्रत्यक्ष मोजलेली संख्या असते. पाचव्या क्रमांकाची नोंद सांगते, की किती कप्पे बाद ठरवून त्यांच्या जागी राखीव कप्पे दिले. १९७ क्रमांकाची नोंद सांगते, की किती कप्पे वाचता आलेले नाहीत आणि त्यांचा निकाल अजून लागायचा आहे. १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वायरीत झालेल्या चुकांची आहे. ती वाढत असती, तर आम्ही डिस्कला दोष न देता आधी वायर बदलून पाहिली असती.

मग १६ कप्पे अडलेले असतानाही डिस्क उत्तीर्ण कशी? VALUE म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या पद्धतीने दिलेले गुण आणि THRESH म्हणजे उत्तीर्ण होण्याची सीमा. गुण घसरत घसरत त्या सीमेपर्यंत आले, तरच डिस्क नापास ठरते. आता १९७ समोरची सीमा पाहा. ती शून्य आहे! ज्या विषयात उत्तीर्ण व्हायला शून्य गुणही चालतात, त्यात नापास कोण होणार? म्हणून PASSED या शब्दावर विसंबू नये, शेवटचा रकाना वाचावा. मात्र पहिल्या आणि सातव्या क्रमांकांच्या नोंदीत काही कारखान्यांच्या डिस्क प्रचंड मोठ्या संख्या दाखवतात. त्यांची मांडणीच निराळी असते, त्यांनी घाबरून जाऊ नये.

हीच वही CrystalDiskInfo नावाच्या कार्यक्रमातही दिसते. तेथे एक खबरदारी घ्या. शेवटचा रकाना तेथे सहसा षोडशमान पद्धतीने लिहिलेला असतो. तेथे 10 दिसले तर ते दहा नव्हेत, सोळा!

आता मुलाची शंका विचारात घेऊ. वीज जाण्याने असे होऊ शकते काय? होय, होऊ शकते. कप्पा लिहिला जात असतानाच वीज गेली, तर अर्धा मजकूर नवा आणि पडताळणीचे अंक जुने अशी अवस्था होते. पृष्ठभाग धडधाकट असूनही तो कप्पा मग वाचता येत नाही. वाचताना दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. फरक कळतो तो त्या कप्प्यावर पुन्हा लिहिल्यावर. लिहिलेले नीट टिकले, तर १९७ ची संख्या उतरते आणि ५ ची वाढत नाही. पृष्ठभागच बिघडलेला असेल, तर डिस्क राखीव कप्पा वापरते आणि ५ ची संख्या वाढते.

पण हा प्रयोग करण्यापूर्वी डिस्कवरची माहिती बाहेर काढणे अगत्याचे होते, कारण पुन्हा लिहिणे म्हणजे जुने पुसणे. अनेक जण अशा वेळी लगेच chkdsk /r ही आज्ञा देतात. ती सारी डिस्क कप्प्याकप्प्याने तपासत बसते. मरणासन्न डिस्कला एवढे श्रम आधी देऊ नयेत. तिच्यात जी ताकद उरली असेल, ती माहिती वाचण्यासाठी खर्च करावी, आणि जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी काढावे. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. त्या डिस्कवर मुलाच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची छायाचित्रे होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

आम्ही प्रथम तीच बाहेरच्या डिस्कवर उतरवली. एका ठिकाणी काम बराच वेळ अडले. एक छायाचित्र निम्मेच आले, खालचा भाग नुसता करडा. बाकी सर्व वाचली. त्यानंतर वही पाहिली तेव्हा १९७ समोर २४ होते. ते आठ कप्पे आधीपासूनच बिघडलेले असतील, पण ते कोणी वाचायलाच गेले नव्हते. जे वाचून पाहिले नाही, त्याची नोंद वहीत येत नाही, हे ध्यानात ठेवा.

१६, २४ या दोन्ही संख्यांना ८ ने भाग जातो, हा योगायोग नाही. संगणक ५१२ बाइटचा एक कप्पा धरतो, पण या डिस्कच्या तबकडीवरचा खरा कप्पा ४०९६ बाइटचा आहे, म्हणजे आठपट. तेव्हा २४ म्हणजे प्रत्यक्षात तीनच कप्पे, अवघे १२,२८८ बाइट. दहा निखर्व बाइटच्या डिस्कमध्ये एवढ्याशा जागेने खेळ अडवला होता आणि एक छायाचित्र निम्मे गिळले होते.

माहिती काढून झाल्यावर आम्ही डिस्कचे संपूर्ण फॉरमॅट केले. त्यात प्रत्येक कप्प्यावर शून्ये लिहिली जातात. घाईचे, म्हणजे 'क्विक' फॉरमॅट तसे करत नाही. नंतर १९७ समोर ० आले, पण ५ समोर १६ उमटले. म्हणजे तीनपैकी एका खऱ्या कप्प्याने नवे लिखाण नीट धरले. तेथे मुलाची वीज गेल्याची शंका खरी असू शकेल. उरलेले दोन मात्र पृष्ठभागच बिघडल्याने बाद झाले होते.

तेवढ्यावरही निकाल देता येत नव्हता. दोन कप्पे बाद होऊन डिस्क पुढे वर्षानुवर्षे चालल्याची उदाहरणे आहेत. खरा प्रश्न असा, की दुखणे थांबले आहे की पसरते आहे? आम्ही खेळ पुन्हा बसवला आणि रोज वही पाहिली. त्या काळात वीज एकदाही गेली नाही. तरी आठव्या दिवशी १९७ समोर ४० होते, म्हणजे पाच नवे कप्पे. दुखणे पसरत होते. डिस्क निवृत्त केली. नव्या डिस्कवर तोच खेळ त्याच पुलावरून विनाअडथळा धावला. ऊन तेच, संगणक तोच, बदलली ती फक्त डिस्क.

या वहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. अडलेला पहिला कप्पा आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या सोळापट होती. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी अशा ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती! म्हणजे वहीने धोका सांगितला तर तो खरा मानावा, पण ती गप्प असली म्हणून निर्धास्त राहू नये. दुसरी प्रत हवीच.

तुमच्या संगणकात एसएसडी असेल, तर तेथे फिरणारी तबकडी नसते. माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म पेशींत साठवलेली असते आणि प्रत्येक वेळी पुसून लिहिताना त्या पेशी थोड्या झिजतात. एनव्हीएमई जातीच्या एसएसडीत वरच्यासारखे क्रमांक नसतात. तेथे Percentage Used ही झीज दाखवते, आणि Media and Data Integrity Errors ही वाचनातल्या न सुटलेल्या चुका. पहिली संख्या १०० च्या पुढे गेली, म्हणजे एसएसडी त्याच क्षणी बंद पडेल असे नाही. पण दुसरी शून्यावरून वर चढू लागली, तर आधी माहिती बाहेर काढावी.

करून पाहा : मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क एका कप्प्यासाठी ७ सेकंद अडली, तर तेवढ्या वेळात तबकडीचे किती फेरे होतील? नंतर आपल्या घरच्या किंवा शाळेच्या संगणकाची वही उघडून ५, १९७ आणि १९९ या नोंदी तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा पाहा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. एकट्या आकड्यापेक्षा त्या दोहोंतला फरक अधिक सांगून जाईल.