भात-आमटीच्या ताटातील उष्मांकांची टक्केवारी

भोर आणि वेल्हे हा भातखाचरांचा भाग असल्यामुळे तेथील दुपारच्या जेवणात बहुधा इंद्रायणीसारख्या तांदळाचा भात आणि तुरीच्या डाळीची आमटी असते. अशा एका जेवणातील प्रथिने, कर्बोदके (पिष्टमय व शर्करायुक्त घटक) आणि स्निग्ध पदार्थ यांचा उष्मांकांतील वाटा काढताना वजन शिजलेल्या अन्नाचे न घेता कच्च्या जिन्नसांचे घ्यावे, कारण भात शिजताना पाणी शोषून अडीच-तीन पट जड होतो आणि त्या वजनाला कच्च्या तांदळाचे आकडे लावले की उष्मांकही तितकेच फुगतात.

एका माणसाच्या वाट्याला 100 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम तूरडाळ आणि फोडणीचे दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, तेल येते असे धरू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांतील आकडे स्थूलमानाने वापरल्यास या तिन्हींत मिळून प्रथिने 14.5, कर्बोदके 94.5 आणि स्निग्ध पदार्थ 11 ग्रॅम भरतात. प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे 4, तर स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 उष्मांक धरले जातात. त्यामुळे अनुक्रमे 58, 378 आणि 99, असे एकूण 535 उष्मांक होतात. प्रत्येक आकड्याला 535 ने भागून 100 ने गुणले असता प्रथिनांचा वाटा सुमारे 11, कर्बोदकांचा 71 आणि स्निग्ध पदार्थांचा 18 टक्के येतो.

येथे दोन चुका हमखास होतात. ग्रॅमचीच टक्केवारी काढली तर स्निग्ध पदार्थ 9 टक्केच दिसतात, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्मे. आणि फोडणीचे तेल धरायचे राहिले तर स्निग्ध पदार्थ जेमतेम 2 टक्के उरून प्रथिनांचा वाटा मात्र फुकाचा 13 टक्क्यांवर चढतो.

भाताऐवजी नाचणीची भाकरी घेतल्याने प्रथिनांची टक्केवारी वाढते, हा समज या हिशोबापुढे टिकत नाही, कारण दोन्ही धान्यांत ती 9 टक्क्यांच्याच आसपास आहे. नाचणीचा खरा लाभ कॅल्शियम आणि तंतुमय घटक यांचा. तांदूळ 70 ग्रॅमवर आणून डाळ 60 ग्रॅम केली, तर उष्मांक जवळपास तेवढेच राहून प्रथिने 14 टक्क्यांवर जातात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालातील मर्यादा प्रथिनांसाठी 10 ते 15, कर्बोदकांसाठी 55 ते 75 आणि स्निग्ध पदार्थांसाठी 15 ते 30 टक्के अशा असल्या तरी त्या संपूर्ण आहाराच्या आहेत, तेव्हा एखादे ताट त्यांत बसले नाही म्हणून ते सदोष ठरत नाही. शिवाय टक्केवारीवरून जेवण किती झाले हे कळत नाही, कारण हेच ताट दुप्पट वाढले तरी तिन्ही आकडे तसेच राहतात.