निवृत्तीच्या पुंजीत सोने किती?

प्रश्न : लातूरच्या आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी निवृत्तीच्या पैशातला दहावा हिस्सा सोन्यात ठेवायला सांगितले. ते योग्य आहे का?

उत्तर : प्रमाण अवाजवी नाही, पण सोने कोणत्या रूपात घ्यावे हे भाषणात सांगितले गेले नसेल, तर सल्ला अर्धाच राहतो. समजा, पुंजी 20 लाखांची आहे आणि 2 लाखांचे सोने दागिन्यांत घेतले. घडणावळ 12 टक्के धरली तर 24 हजार आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी 6,720 रुपये. मोडताना या दोन्ही रकमा परत मिळत नाहीत. नांदेडचा सराफ असो की लातूरचा, तो वजन आणि शुद्धता पाहूनच पैसे देतो. नाणे किंवा गोल्ड ईटीएफमध्ये ही गळती बरीच कमी असते. सरकारी सुवर्णरोखे व्याजही देतात, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत.

सोने दरमहा काहीच देत नाही. शिवाय 2012 मध्ये तोळ्याला सुमारे 31 हजार असलेला भाव 2015 मध्ये 26 हजारांच्या आसपास आला होता. त्यामुळे पुढच्या पाचेक वर्षांच्या घरखर्चाची रक्कम त्यात गुंतवू नये. पतसंस्था सोनेतारण कर्ज देत असेल, तर तिचाही यात फायदा असतो, हे सभासदाने ध्यानात ठेवावे.